दोन देशांची वेळ, एकच घड्याळ

आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा दुबईत कामाला आहे. सुट्टीवर आला तेव्हा त्याने आईला चार काट्यांचं घड्याळ आणलं. तीन काटे आपली वेळ दाखवतात आणि चौथा दुबईची. रात्री साडेनऊला चौथा काटा साडेआठ दाखवायचा. साडेआठला त्याची ड्यूटी सुटते, म्हणून ताई तेव्हा फोन लावायच्या, पण तो उचलायचाच नाही. जीव टांगणीला लागायचा. शेवटी घड्याळ घेऊन त्या बैठकीला आल्या आणि आम्ही सगळ्याजणींनी हिशोब मांडला.

दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणजे आपले साडेनऊ, तेव्हा तिथे आठ. फोन अर्धा तास लवकर जात होता. चूक कुठे होती? चौथा काटा चोवीस तासांत एकच फेरी मारतो, आणि अशा घड्याळात तो एकेक तासानेच पुढे-मागे सरकतो. मिनिटकाटा मात्र दोन्ही देशांना एकच. त्यामुळे दीड तासाचा फरक त्यात बसत नाही. काटा लावणाऱ्याने तो एकच तास मागे ठेवला होता.

मग आम्ही तो असा लावला. बाजूची चावी पूर्ण बाहेर ओढली आणि तारीख बदलेपर्यंत काटे पुढे फिरवले. तारीख बदलली म्हणजे रात्रीचे बारा. तिथून दुपार ओलांडून रात्रीच्या नऊपर्यंत काटे आणले. हे केलं नाही, तर सकाळ-रात्रीची गल्लत होते आणि तारीख भर दुपारी बदलते. मग चावी मधल्या टप्प्यावर दाबून चौथा काटा १९ वर, म्हणजे संध्याकाळी सातवर आणला आणि चावी आत दाबली. आता तो काटा दोन तास मागे आहे. तो दाखवेल त्यात अर्धा तास मिळवायचा, की दुबईची वेळ मिळाली. ताई आता दहाला फोन लावतात. काटा आठ दाखवतो, तिथे साडेआठ असतात.

जगभरच्या शहरांची नावं कडेला असलेल्या काट्यांच्या घड्याळातही बहुधा पूर्ण तासांचीच शहरं असतात. तिथे कराचीची वेळ पाहून अर्धा तास मिळवला, की आपली वेळ येते. आकड्यांच्या घड्याळात ही अडचण नाही. आपल्या शहरासाठी DEL आणि दुसऱ्यासाठी DXB निवडलं, की अर्धा तास आपोआप धरला जातो. फक्त DST बंद आहे ना, ते पाहा. ते चालू राहिलं तर वेळ एक तास पुढे दिसते.

लेक किंवा भाऊ लंडनला असेल, तर आणखी एक ध्यानात ठेवा. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाच. काट्यांच्या घड्याळाला हे आपोआप कळत नाही. त्या दोन दिवशी काटा आपणच हलवायचा.