कार्ल राहनर एका पानात

ट्रस्टच्या वार्तापत्रात धर्मशास्त्रीय लेखाच्या सारांशाला फार तर एक पान मिळतं. कार्ल राहनरचा ‘ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्तेतर धर्म’ हा निबंध एका पानात बसवायला घेतला, की पहिला मसुदा बहुधा दोनपैकी एका वाक्यावर येऊन थांबतो. एक, ‘राहनरच्या मते सगळे धर्म सारखेच.’ दुसरं, ‘राहनरच्या मते सगळे लोक नकळत ख्रिस्तीच.’ वाचायला दोन्ही सोपी आहेत आणि दोन्ही चूक आहेत.

राहनर (१९०४–१९८४) हा जर्मन जेझुइट. त्याची वाक्यं इतकी लांब आणि गुंतागुंतीची, की ‘कार्लचं लेखन मी एकदा जर्मनमध्ये आणणार आहे’ असं त्याचा भाऊ ह्यूगो गमतीनं म्हणे, अशी आख्यायिका आहे. हा निबंध मुळात १९६१ सालचं व्याख्यान, म्हणजे दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू होण्याच्या आधीचं. ते कॅथलिक श्रोत्यांसाठी होतं, हे सारांशात सुरुवातीलाच सांगायला हवं. इतर धर्मीयांना त्यांची ओळख पटवून देण्याचा राहनरचा हेतू नव्हता. इतर धर्मांकडे कोणत्या नजरेनं पाहावं, हे तो आपल्याच माणसांना सांगत होता. ही एक ओळ गाळली तर पुढचं सगळं उर्मट वाटू लागतं.

त्याच्यापुढची अडचण खरी होती. सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, असं बायबल सांगतं. तारण ख्रिस्ताद्वारेच होतं, असंही तेच सांगतं. मग ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नावच पडलं नाही, त्या कोट्यवधींचं काय? यातलं एक विधान सोडून दिलं की प्रश्न मिटतो. राहनर दोन्ही विधानं धरून ठेवतो, आणि सगळा निबंध त्या ओढाताणीतूनच निघाला आहे.

त्याचं उत्तर असं, की देवाची कृपा त्या माणसांपर्यंतही पोहोचत असली पाहिजे, आणि ती कृपा ख्रिस्ताचीच असते. इथवर त्याच्या काळातले बरेच कॅथलिक विचारवंत त्याच्याबरोबर येतात. राहनर आणखी एक पाऊल टाकतो. माणूस एकटा जगत नाही. त्याची भक्ती, त्याचे विधी, त्याची प्रार्थना समाजातून, म्हणजे त्याच्या धर्मातून आलेली असतात. मग कृपा पोहोचायची तर त्या धर्मातूनच पोहोचणार, त्याला वळसा घालून नव्हे. म्हणून ते धर्म ‘वैध’ ठरतात. दाखला तो प्राचीन इस्राएलचा देतो. तिथेही चुका, भ्रष्टता, मूर्तिपूजेकडची ओढ होती, तरी तो देवानं इच्छिलेलाच धर्म होता. वैध म्हणजे निर्दोष नव्हे, हे त्या दाखल्यातून स्पष्ट होतं. त्यामुळे जागा कमी पडली तरी तो दाखला कापू नये.

सारांशात सर्वांत लवकर हरवते ती वैधतेला जोडलेली अट. शुभवर्तमान त्या माणसाला खऱ्या अर्थानं सामोरं येईपर्यंतच ही वैधता आहे, असं राहनर म्हणतो. ते कधी येतं, याची एकच तारीख तो सगळ्या जगासाठी लावत नाही. गावात चर्च उभं राहिलं म्हणजे तो क्षण आला असं नाही. अट गाळली की राहनर सर्वधर्मसमभावाचा प्रवक्ता होतो. ती कडक करून लिहिली तर तो जुन्या पठडीचा ठरतो.

कृपेला आधीच होकार दिलेल्या अशा माणसाला तो ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हणतो. प्रत्येक माणसाला सरसकट लावायची ही चिठ्ठी नाही, कारण कृपा नाकारताही येते. आणि धर्मप्रसाराची गरज यानं संपते, असंही तो म्हणत नाही. जे आतमध्ये सुरू झालं आहे ते स्पष्ट, जाणीवपूर्वक व्हावं, म्हणून ख्रिस्तसभेनं शुभवर्तमान सांगत राहावं, असं त्याचं म्हणणं आहे.

मसुदा झाल्यावर तो कलता आहे का, हे राहनरच्या टीकाकारांकडून तपासता येतं. हान्स उर्स फॉन बाल्थासारनं १९६६ मध्ये आक्षेप घेतला, की यामुळे ख्रिस्तासाठी प्राण देण्यालाच अर्थ उरत नाही. हान्स क्यूंगचा आक्षेप उलट बाजूचा: ज्यांना ख्रिस्ती व्हायचंच नाही, त्यांना त्यांच्या नकळत आपल्यात ओढू नका. आपला सारांश वाचून यातला एक आक्षेप बिनबुडाचा वाटू लागला, तर आपण राहनरचं म्हणणं त्या बाजूनं छाटलं आहे असं समजावं. माझ्या मते क्यूंगचा आक्षेप जास्त बोचरा आहे, पण ते मत सारांशात घालायचं नाही.

जपानी तत्त्वज्ञ केइजी निशितानी यांनी राहनरला विचारलं होतं, की मी तुम्हाला ‘अनामिक झेन बौद्ध’ म्हटलं तर? राहनरचं उत्तर होतं, की तुमच्या भूमिकेतून तुम्ही तसं जरूर म्हणावं, मला तो सन्मानच वाटेल. हा प्रसंग सारांशात घेतला तर शेवटच्या परिच्छेदात घ्यावा. सुरुवातीलाच घेतला तर वाचक तेवढा किस्सा लक्षात ठेवतो आणि युक्तिवाद निसटतो.