एका सेकंदात तीन

१६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये असंख्य मुलं टीव्हीसमोर बसून ‘पोकेमॉन’ बघत होती. एका प्रसंगात स्फोट दाखवण्यासाठी लाल आणि निळा रंग पडदाभर आळीपाळीने उमटत राहिला, सेकंदाला सुमारे बारा वेळा. हे काही सेकंदच चाललं, पण त्यानंतर सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. कुणाला फिट आली, कुणाची शुद्ध हरपली, कुणाला मळमळायला लागलं. ज्यांना फिट आली, त्यांच्यातल्या बऱ्याच मुलांना त्याआधी कधीच फिट आलेली नव्हती.

डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूच्या मागच्या भागात पोचतं. उजेड एका लयीत चालू-बंद व्हायला लागला, की तिथल्या पेशी त्याच लयीत एकदम काम करू लागतात. बहुतेकांच्या मेंदूत हा ताल आपोआप मोडतो. काहींच्या मेंदूत तो मोडत नाही, पसरत जातो, आणि तीच फिट. अपस्मार असलेल्या शंभरांतल्या साधारण तिघांना हा त्रास असतो आणि त्यांत लहान व किशोरवयीन मुलं जास्त. डोळे गच्च मिटूनही उपयोग होत नाही, कारण उजेड पापण्यांतून आत येतोच. अशा वेळी एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान दुसरीकडे वळवावी.

मी लग्नं, मिरवणुका, शाळांची स्नेहसंमेलनं यांचे व्हिडिओ एडिट करते. एखादा व्हिडिओ ‘झाला’ असं म्हणण्याआधी दोन गोष्टी तपासते: लखलखाट आणि अक्षरांचा उठाव. दोन्ही तपासण्या तयार झालेल्या फाइलवरच करायच्या. मूळ शूटिंगमध्ये नसलेला लखलखाट एडिटिंगमधल्या पांढऱ्या ट्रान्झिशनने येऊ शकतो, आणि नावाची पट्टी ज्या दृश्यावर बसते ते दृश्य शेवटच्या दिवशीही बदलतं. शिवाय एडिटरने तोच तुकडा शंभरदा पाहिलेला असतो. त्याची नजर सरावलेली असते, म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, मोजायचं.

लखलखाटाचा जगभर मानलेला साधा नियम असा: कुठल्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत. उजेड वाढला आणि परत उतरला, की एक फ्लॅश. उजेडातला फरक पडद्याच्या कमाल उजेडाच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि दोन्हींतलं गडद चित्र पुरेसं गडद असेल, तरच तो धरायचा. कोपऱ्यात लुकलुकणारा छोटा दिवा चालतो. पडद्याचा पाव भाग किंवा त्याहून जास्त लखलखत असेल, तर धोका. गडद लाल रंग मात्र वेगळा मोजतात, कारण तो जास्त बाधतो.

गेल्या वर्षी एका मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीचा चार मिनिटांचा व्हिडिओ माझ्याकडे होता. एक मिनिट बाराव्या सेकंदाला ट्रकवरचे स्ट्रोब दिवे सुरू होतात आणि सगळी गर्दी पांढरी होते. बघताना मला त्यात जोश दिसत होता. मग मी त्या एका सेकंदाच्या सगळ्या फ्रेम सुट्या काढल्या. व्हिडिओ सेकंदाला पंचवीस फ्रेमचा होता, म्हणजे पंचवीस चित्रं.

```
ffmpeg -ss 00:01:12 -i miravnuk.mp4 -t 1 f_%02d.png
```

चित्रं ओळीने मांडली. तिसरं पांढरं, सहावं पांढरं, नववं पांढरं, असं थेट चोविसाव्यापर्यंत. एका सेकंदात आठ फ्लॅश, तेही पडदाभर.

हे काम करणारे प्रोग्रॅमही आहेत. PEAT हा मोफत आहे, पण टीव्ही किंवा सिनेमासाठी तो वापरायची परवानगी नाही. टीव्हीच्या जगात हार्डिंग टेस्ट प्रसिद्ध आहे. ब्रिटिश तज्ज्ञ ग्रॅहम हार्डिंग यांचं नाव तिला मिळालं. व्हिडिओ कुठे नापास झाला ते प्रोग्रॅम वेळेसकट दाखवतो. दुरुस्ती मात्र आपणच करायची.

मिरवणुकीचा तो तुकडा मी चौपट संथ केला. आता दोन पांढऱ्या फ्रेममध्ये बारा फ्रेमचं अंतर पडलं, म्हणजे सेकंदाला साधारण दोन फ्लॅश. गुलाल हळूहळू उडताना दिसू लागला आणि ढोल-ताशाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर असल्याने त्याची लय जशीच्या तशी राहिली. पुढच्या तुकड्यात संथ गती शोभत नव्हती. तिथे पांढऱ्या फ्रेमचा उजेड उतरवला आणि काळोख्या फ्रेम किंचित उजळल्या, म्हणजे दोन्हींतला फरक दहा टक्क्यांच्या आत आला. सुरुवातीला नुसती ‘सावधान’ची पाटी टाकून मूळ दृश्य तसंच ठेवणं मला पटत नाही. जिला पहिलीच फिट येणार आहे, त्या मुलीला ती पाटी आपल्यासाठी आहे हे कळणार कसं?

आता अक्षरं. उठाव मोजायचं एक गुणोत्तर आहे. काळ्यावर पांढरं असेल तर ते २१:१ येतं, म्हणजे सगळ्यात जास्त. साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ हवं, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतं. आयड्रॉपरने अक्षराचा आणि मागचा रंग उचलून कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये टाकला, की आकडा मिळतो.

त्याच व्हिडिओत कार्यकर्त्यांची नावं पांढऱ्या अक्षरांत होती आणि मागे झेंडूच्या माळा. नारिंगी रंग होता `#FFA500`. गुणोत्तर आलं १.९७. पडद्यावर ‘शिंदे’ लिहिलेलं ‘शिदे’ वाचलं जात होतं. देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका, वेलांटीची बारीक रेघ सगळ्यात आधी विरघळते, आणि व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरला की आणखीच.

व्हिडिओत अक्षर जागेवर राहतं आणि मागचं चित्र पळत असतं. म्हणून नाव दिसतंय त्या चार सेकंदांतली सगळ्यात उजळ फ्रेम शोधून तिथे मोजायचं. त्या तुकड्यात मध्येच पांढरे सदरे घातलेली माणसं आडवी गेली होती. पांढऱ्यावर पांढरं, म्हणजे उठाव जवळजवळ शून्य. मी नावामागे काळी अर्धपारदर्शक पट्टी घातली. पट्टी पन्नास टक्के ठेवली तर शुभ्र सदऱ्यावर आकडा ३.९५ येत होता, तो अपुरा. साठ टक्के केली तेव्हा ५.७४ आला. दहा टक्क्यांनी पट्टी थोडी गडद झाली, झेंडू मागे दिसतच राहिला आणि अनुस्वार परत आला.

दुरुस्त केल्यावर नवी फाइल काढून पुन्हा सुरुवातीपासून तपासली, कारण एक दुरुस्ती दुसरी चूक आणू शकते. आधी मी ती नावं जोरात लुकलुकत आणली होती, तेही काढलं.

व्हिडिओ दाखवला मांडवातच, मोठ्या पडद्यावर. मोठी माणसं मागे खुर्च्यांवर बसली, मुलं पुढे सतरंजीवर, पडद्यापासून हातभर अंतरावर. तेवढ्या जवळून नजरेत पडद्याशिवाय दुसरं काही राहत नाही. ‘पोकेमॉन’च्या घटनेनंतर जपानी कार्टूनच्या सुरुवातीला सूचना येऊ लागली, की खोलीत दिवा लावा आणि पडद्यापासून लांब बसा. मी मंडळाच्या पोरांना सतरंजी दहा फूट मागे ओढायला आणि मांडवातली एक ट्यूब चालू ठेवायला सांगितलं. मग व्हिडिओ सुरू केला.