जुलैचे २७० आणि डिसेंबरचे ३३०

छतावर सोलर बसवून वर्ष होत आलं की घरोघरी एकच संवाद ऐकू येतो. पावसाळ्यात आकडा खाली आला की "प्लांट बिघडला का?" म्हणून बसवणाऱ्याला फोन जातो, आणि हिवाळ्यात आकडा वर चढला की सगळं छान चाललंय असं समजून कोणी वर फिरकत नाही. माझं निरीक्षण नेमकं उलट आहे. पावसाळ्यातल्या बहुतेक तक्रारींत प्लांटचा दोष नसतो. खरी गळती हिवाळ्याच्या चांगल्या दिसणाऱ्या आकड्यांत दडलेली असते, आणि ती वर्षानुवर्षं तशीच चालू राहते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. तिच्यात तीन किलोवॉटपर्यंतच्या प्लांटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे या मापाचे प्लांट आता पुष्कळ छतांवर दिसतात. म्हणून या लेखात पुण्यातलं तीन किलोवॉटचं छत घेऊन वर्षाचा हिशेब मांडतो.

आधी ऊन कसं मोजतात ते पाहू. दर चौरस मीटरवर एक हजार वॉट पडतील एवढ्या कडक उन्हाचा एक तास म्हणजे एक 'पूर्ण उन्हाचा तास'. पॅनेलवरचे वॉट याच उन्हात, पण पेशीचं तापमान २५ अंश धरून लिहिलेले असतात. सकाळचं कोवळं ऊन, दुपारचं रखरखीत ऊन आणि ढगाआडचा उजेड असा दिवसभराचा सगळा प्रकाश या तासांत बदलून घेता येतो. पुण्यात दक्षिणेकडे तोंड करून अठरा-वीस अंश कलत्या बसवलेल्या पॅनेलला मार्चमध्ये असे रोज पावणेसात-सात तास मिळतात. डिसेंबरात साडेपाचच्या पुढे-मागे मिळतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये जेमतेम साडेतीन-चार. हे अनेक वर्षांच्या सरासरीचे ढोबळ आकडे आहेत. एखाद्या जुलैत ते याहूनही खाली जातात.

जुलैत आकाश पूर्ण झाकलेलं असलं तरी प्लांट बंद पडत नाही. ढगातून विखुरलेला उजेड चहूबाजूंनी येतो आणि पॅनेल त्यावरही चालतं. दाट ढगांच्या दिवशी स्वच्छ दिवसाच्या दहा ते तीस टक्के वीज मिळते, आणि उघडीप पडली की त्याच आठवड्यात एखादा दिवस अचानक भरघोस जातो. पावसाळ्यात पॅनेल धुतलेलं आणि थंड असतं, म्हणून पडलेल्या उन्हाचा वापर ते वर्षात सर्वांत चांगला करतं. ऊन कमी पण कार्यक्षमता उत्तम, अशी या महिन्यांची गत. हे लक्षात न घेता नुसते युनिट पाहिले की निष्कर्ष चुकतो.

उन्हाळ्यात याच्या उलट घडतं. मे महिन्यात सगळ्यांत जास्त वीज मिळेल अशी बहुतेकांची अपेक्षा असते, पण पुण्यात मान मार्चला मिळतो. याला दोन कारणं आहेत. साधारण १३ मे आणि ३० जुलै या दोन दिवशी भर माध्यान्ही सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर असतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकतो. दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलवर तेव्हा किरणं जरा तिरपी पडतात. दुसरं कारण उष्णता. पंचविसाच्या वरच्या प्रत्येक अंशाला पॅनेलची क्षमता ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घटते. हवा चाळीस अंशांवर असली की पॅनेल साठीच्या पुढे जातं, म्हणजे ऐन दुपारी तेरा-चौदा टक्के वीज निव्वळ तापण्यात गेलेली असते. नागपूर-चंद्रपूरकडे हा फटका अधिक बसतो. पत्र्याला अगदी चिकटवून बसवलेल्या पॅनेलखाली हवा खेळत नसेल, तर पुण्यातही तो वाढतो.

आता हिवाळा. दिवस अकरा तासांवर आलेला असतो आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला. २२ डिसेंबरच्या आसपास पुण्यात माध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांवरच असतो. पॅनेल त्याच बाजूला कललेलं असल्यामुळे दिवस लहान असूनही बऱ्यापैकी ऊन मिळतं. पण सकाळी थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर, बांधकामाची धूळ, वाहनांचा काजळीयुक्त धूर त्याखाली कोंडून राहतो. नऊ-साडेनऊपर्यंत आकाश दुधाळ दिसतं. दिल्लीत हा प्रकार इतका दाट असतो की तिथे उन्हाचा वार्षिक नीचांक पावसाळ्यात नव्हे, डिसेंबर-जानेवारीत येतो. पुण्यात सकाळचे एक-दोन तास मंद होतात, पुढे आकाश मोकळं होतं.

इथे हवेतला धुरका आणि काचेवरची धूळ वेगवेगळी धरली पाहिजे. धुरक्यामुळे पॅनेलपर्यंत ऊनच कमी येतं आणि त्यावर घरमालकाला काही करता येत नाही. पॅनेलवर पोचलेलं ऊन काचेवरच्या धुळीमुळे आत शिरत नाही, आणि तिथे मात्र पाण्याच्या नळीने काम होतं. ऑक्टोबरात पाऊस गेला की पुढे सात-आठ महिने काच नैसर्गिकरीत्या धुतली जात नाही. अवकाळीच्या सरी येतात तेवढ्याच. गांधीनगरच्या आयआयटीतले आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले संशोधक यांनी मिळून केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या पॅनेलवर काही आठवडे साचलेला थर धुतल्यावर क्षमता सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढलेली आढळली. गुजरातच्या कोरड्या, धुळकट हवेतला हा आकडा पुण्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी रस्त्याकडेच्या किंवा चालू बांधकामाशेजारच्या छतावर धुळीकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा, कोथरूडच्या एका बंगल्यावर बरोबर तीन किलोवॉटची पॅनेलं आहेत. इन्व्हर्टरच्या ॲपवर जुलैचे २७० युनिट आणि डिसेंबरचे ३३० युनिट दिसतात. डिसेंबरात साठ युनिट जास्त, म्हणून घरात समाधान आहे.

जुलैत पॅनेलवर रोज सरासरी ३.७ तास पूर्ण ऊन पडलं असं धरू. ३.७ गुणिले ३१ दिवस गुणिले ३ किलोवॉट म्हणजे ३४४ युनिट. तारा, उष्णता, इन्व्हर्टर, धूळ यांत काहीच गेलं नसतं तर इतकी वीज मिळाली असती. मिळाली २७०, म्हणजे ७८ टक्के. डिसेंबरात रोज ५.६ तास, त्याच रीतीने ५२१ युनिट येतात. मिळाली ३३०, म्हणजे ६३ टक्के. नीट चाललेल्या घरगुती प्लांटचं हे प्रमाण पंचाहत्तर ते ऐंशीच्या दरम्यान राहतं. एप्रिल-मेमध्ये उष्णतेमुळे दोन-चार टक्क्यांनी खाली येतं. म्हणजे जुलैचा प्लांट निरोगी होता. डिसेंबरात चारशेच्या आसपास युनिट यायला हवे होते, त्यातले सत्तरहून जास्त कुठेतरी हरवले.

कुठे हरवले, ते दिवसाच्या आलेखावरून कळतं. ॲपमध्ये निरभ्र दिवसाचा आलेख उघडला की सकाळी चढणारी आणि संध्याकाळी उतरणारी गुळगुळीत कमान दिसायला हवी. पूर्ण कमानच सारख्या प्रमाणात बुटकी असेल तर संशय धुळीवर. रोज त्याच वेळी कमानीला खाच पडत असेल तर ती सावली. भर दुपारी आलेख एकदम शून्यावर आदळून काही मिनिटांनी परत उभा राहत असेल, तर त्या भागातला विजेचा दाब वाढून इन्व्हर्टर स्वतःहून बाजूला होतो आहे. वीज गेली तरीही तसंच दिसतं, कारण बॅटरी नसलेला ग्रिडवरचा इन्व्हर्टर पुरवठा बंद असताना वायरमनच्या सुरक्षिततेसाठी थांबतोच. वळवाच्या दिवसांत यात किती युनिट जातात ते कोणी मोजत नाही.

आपल्या उदाहरणात सकाळी साडेआठ ते साडेदहा मोठी खाच आहे, आणि उरलेली कमानही थोडी बसकी आहे. छताच्या आग्नेय कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे. डिसेंबरात नऊच्या सुमारास सूर्य तीस अंशांच्याही खाली असतो, त्यामुळे दोन मीटर उंच टाकीची सावली साडेतीन मीटरहून लांब पसरते आणि थेट पहिल्या रांगेवर येते. प्लांट बसवण्याआधीची पाहणी एप्रिलात झाली असेल, तर तेव्हा ही सावली दिसणारच नव्हती. शिवाय एका माळेत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली आली तरी तोटा त्या एकापुरता राहीलच असं नाही. जागेची पाहणी करणाऱ्याने डिसेंबरातला सूर्य कागदावर मांडून दाखवलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

बसक्या कमानीची शंका धुऊन फिटते. लागोपाठचे दोन निरभ्र दिवस निवडावेत, पहिल्या दिवशी दुपारी साडेबाराचे वॉट टिपावेत, दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ पोछ्याने धुवावीत, आणि त्याच वेळचे वॉट पुन्हा पाहावेत. पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर धुण्याची पाळी वाढवायची. बोअरचं जड पाणी वापरून काचेवर वाळू दिलं तर पांढरे डाग बसतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये.

एक गोंधळ मात्र सर्वत्र आहे. महावितरणच्या बिलावरची निर्यात म्हणजे आपली निर्मिती नव्हे. पॅनेलची वीज आधी घरात वापरली जाते आणि उरलेलीच बाहेर जाते. मे महिन्यात ४०० युनिट तयार झाले आणि दिवसा एसीने २२० खाल्ले, तर बिलावर १८० दिसणार. बिलाचा महिनाही कॅलेंडरच्या महिन्याशी जुळत नाही. निर्मितीचा आकडा इन्व्हर्टरवरून किंवा निर्मितीच्या मीटरवरूनच, दर महिन्याच्या एक तारखेला, घ्यावा.

आपल्या गावचं ऊन किती ते युरोपीय आयोगाच्या PVGIS किंवा जागतिक बँकेच्या Global Solar Atlas या संकेतस्थळांवर फुकट मिळतं. कोकण, सोलापूर, जळगाव यांचे आकडे वेगळे, म्हणून पुण्याचे उसने घेऊ नयेत. पण ही सरासरी आहे. यंदाच्या जुलैत किती ढग होते ते तीत नसतं. त्यासाठी सोपी कसोटी म्हणजे त्याच भागातला दुसरा प्लांट. दोघांचे युनिट आपापल्या किलोवॉटने भागायचे. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर कारण आकाशात आहे; एकाच छतावर असेल तर शिडी लावून वर जावं.

पॅनेल म्हातारं होण्याचा वेग वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, आणि उन्हाचे वर्षावर्षाचे चढउतार त्याहून कितीतरी मोठे. त्यामुळे दोन वर्षांच्या नोंदीवरून पॅनेलची क्षमता घटली असं कोणी सांगत असेल तर ते मानू नये. तेवढं म्हणायला वहीत निदान पाच-सहा वर्षांचे तेच ते महिने शेजारी शेजारी लिहिलेले हवेत, धुतल्याच्या तारखांसकट.