आवाज आवरणारा मॉसफेट

बोलणाऱ्याचं तोंड मायक्रोफोनपासून तीस सेंटिमीटरवर असेल आणि बोलता बोलता तो पाच सेंटिमीटरवर आला, तर मायक्रोफोनमधून निघणारा विजेचा संदेश साधारण पाच-सहा पट वाढतो. माणसाचा आवाज तोच, जोरही तोच, बदललं ते फक्त अंतर. ध्वनिक्षेपकाच्या बटणावर कुणी हात ठेवून बसलं नसेल तर श्रोत्यांच्या कानठळ्या बसतात. तो हात एखाद्या मंडलाने आपोआप फिरवावा, यासाठी जी रचना वापरतात तिला ऑटोमॅटिक गेन कंट्रोल म्हणजे एजीसी म्हणतात. टेप रेकॉर्डर, वॉकीटॉकी, रेडिओ यांत ती असते, आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत तिची महागडी भावंडं असतात.

हे काम करायला एक असा रोध लागतो, ज्याची किंमत विजेच्या इशाऱ्यावर बदलेल. विल्यम ह्यूलेट यांनी १९३९ सालच्या आपल्या ऑसिलेटरमध्ये त्यासाठी चक्क एक छोटा दिवा वापरला होता: संदेश मोठा झाला की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि मंडल स्वतःला आवरतं. दिवा अतिशय स्वच्छ काम करतो, पण सावकाश, आणि त्याला बाहेरून हुकूम देता येत नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या ‘११७६’ या गाजलेल्या स्टुडिओ लिमिटरने हे काम फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरला दिलं. तो जेएफईटी जातीचा होता. त्याचा चुलतभाऊ मॉसफेट हेच काम करतो आणि तसाच अडखळतो.

मॉसफेटला तीन मुख्य टोकं: सोर्स, ड्रेन आणि गेट. गेटवर पुरेसा दाब दिला की सोर्स आणि ड्रेन यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनांचा एक पातळ पट्टा तयार होतो. ज्या दाबाला तो तयार होऊ लागतो त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. गेटचा दाब त्याच्या जितका वर, तितका पट्टा दाट आणि तितका रोध कमी. ड्रेनवरचा दाब या वरच्या जादा दाबापेक्षा बराच कमी ठेवला, तर ट्रान्झिस्टर ट्रायोड प्रदेशात राहतो आणि ड्रेन-सोर्समधली जागा साध्या रोधासारखी वागते. वागते, पण अगदी तंतोतंत नाही. पाठ्यपुस्तकातलं सूत्र असं आहे:

I = k[(V_GS − V_T)·V_DS − V_DS²/2]

कंसातलं पहिलं पद म्हणजे प्रामाणिक रोध. दुसऱ्या पदातला वर्ग हा सगळ्या तक्रारींचा उगम. ड्रेनचा दाब वर गेला की पट्ट्याच्या त्या टोकाला गेटचा जोर कमी पडतो, पट्टा तिकडे विरळ होतो. दाब खाली गेला की उलट घडतं. म्हणजे जो संदेश या रोधातून जायचा, तो जाता जाता रोधच बदलत राहतो.

हे किती बिघडवतं, ते आकड्यांत पाहिलेलं बरं. संदेशाच्या वाटेत १० किलोओहमचा एक रोध घालू आणि त्याच्या पुढच्या टोकापासून जमिनीकडे मॉसफेट जोडू. मॉसफेटचा रोध कमी झाला की संदेशाचा जास्त भाग जमिनीला जाईल. उरलेला भाग पन्नास पट वाढवून बाहेर पाठवायचा, तो मोजायचा, आणि त्या मोजमापावरून गेटचा दाब ठरवायचा. बाहेर १ व्होल्टचं शिखर हवं, म्हणजे मॉसफेटवर नेहमी २० मिलिव्होल्टचं शिखर राहिलं पाहिजे. हिशेबाच्या सोयीसाठी थ्रेशोल्ड १.५ व्होल्ट आणि k ची किंमत दर व्होल्ट-वर्गाला १ मिलिअँपिअर धरू.

बोलणारा दूर असताना संदेश ४० मिलिव्होल्टचा येतो. तो निम्मा करायचा तर मॉसफेटचा रोधही १० किलोओहम हवा. त्यासाठी गेटवर १.६ व्होल्ट, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर जेमतेम ०.१ व्होल्ट. बोलणारा जवळ आला, संदेश २२० मिलिव्होल्ट झाला, तर तो अकरावा हिस्सा करायला रोध १ किलोओहम हवा आणि गेटवर २.५ व्होल्ट. इथवर सगळं सुरळीत आहे.

आता पहिल्या प्रसंगात संदेशाच्या वरच्या शिखरावर काय होतं? ड्रेनवर २० मिलिव्होल्ट असतात. त्यांच्या निम्मे, म्हणजे १० मिलिव्होल्ट, जादा दाबातून वजा होतात. १०० चे ९० उरतात आणि रोध १० ऐवजी ११.१ किलोओहम होतो. खालच्या शिखरावर १०० चे ११० होतात, रोध ९.१ वर येतो. परिणामी वरचं शिखर २१ मिलिव्होल्टच्या आसपास आणि खालचं १९ च्या आसपास. लाटेचा वरचा अर्धा भाग फुगला, खालचा बसला. मोजलं तर मूळ स्वराच्या दुप्पट कंपनाचा स्वर सुमारे अडीच टक्के मिसळलेला सापडेल. बोलणारा जवळ आल्यावर तेच १० मिलिव्होल्ट १,००० मधून वजा होतात. रोध एका टक्क्याने हलतो आणि विकृती अर्ध्या टक्क्याखाली जाते.

हा निकाल अनेकांना उलटा वाटतो. मोठ्या आवाजाला मंडल जास्त दाबतं, तेव्हा बिघाडही तेव्हाच जास्त असणार, असा सहज समज असतो. प्रत्यक्षात मॉसफेट जोरात काम करत असतो तेव्हा तो सर्वांत स्वच्छ असतो. नुकताच जागा होत असतो, थ्रेशोल्डच्या काठावर रेंगाळत असतो, तेव्हा तो आवाज सर्वांत जास्त मळवतो. म्हणून अशा मंडलाची चाचणी फक्त सर्वांत मोठ्या संदेशावर घेऊन पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही.

दुप्पट कंपनाचा स्वर म्हणजे सा च्या वरचा सा. एकट्या आवाजात तो फारसा खुपत नाही, उलट काहींना गोड वाटतो. खरी खोड दोन स्वर एकत्र आले की कळते. हार्मोनियमवर २४० कंपनांचा सा आणि २७० चा रे एकदम धरला, तर वर्गाचं ते पद दोघांची बेरीज करून ५१० कंपनांचा तिसरा स्वर जन्माला घालतं. तो वरच्या सा आणि रे यांच्या मध्ये, कोमल रे च्या अगदी जवळ पडतो. वाजवणाऱ्याने त्या पट्टीला हातही लावलेला नसतो.

पहिला उपाय सरळ आहे: मॉसफेटवर कमी संदेश ठेवा. २० ऐवजी २ मिलिव्होल्ट ठेवले तर अडीच टक्क्यांचं पाव टक्का होतं. पण मग पुढे पन्नासऐवजी पाचशे पट वाढवावं लागतं, आणि रोधांमधली उष्णतेची खरखरही तितकीच वाढते. १० किलोओहमचे दोन रोध समांतर असताना श्राव्य पट्ट्यात ही खरखर साधारण सव्वा मायक्रोव्होल्ट असते. २० मिलिव्होल्टचा संदेश तिच्या ८० डेसिबल वर राहतो, २ मिलिव्होल्टचा फक्त ६०. विकृती दहापट घटवली की खरखर वीस डेसिबलने जवळ येते, आणि या सौद्यात घासाघीस चालत नाही.

दुसरा उपाय अधिक हुशारीचा. ड्रेनवरच्या संदेशाचा निम्मा भाग गेटलाही द्यायचा. ड्रेन २० मिलिव्होल्ट वर गेला की गेट १० ने वर जातो, आणि सूत्रातलं वर्गाचं पद त्याच क्षणी कापलं जातं. त्यासाठी फक्त दोन सारखे रोध लागतात: एक ड्रेनपासून गेटपर्यंत, दुसरा गेटपासून नियंत्रण दाबापर्यंत. ड्रेनकडच्या रोधासोबत एक कपॅसिटर घालावा, नाहीतर नियंत्रणाचा दाब त्याच वाटेने संदेशात शिरतो आणि मंडल आवाज दाबेल त्या वेळी स्पीकरमध्ये ‘धप्प’ ऐकू येतं. हे रोध फार मोठे घेण्याचा मोह होतो, कारण गेट प्रवाह घेतच नाही. पण गेटला स्वतःची धारकता असते. मेगओहमचे रोध घेतले तर वरच्या कंपनांना गेटपर्यंत पोचायला उशीर होतो आणि विकृतीची काटछाट तिथे फसते. शंभर किलोओहम बरे.

काटछाट पूर्ण का होत नाही? कारण पाठ्यपुस्तकातला ‘अर्धा’ खऱ्या मॉसफेटमध्ये अर्धा नसतो. पट्ट्याच्या खालच्या सिलिकॉनचाही थ्रेशोल्डवर परिणाम होतो, आणि वर्गाचं पद कागदावरच्यापेक्षा थोडं मोठं निघतं. ते वीस टक्क्यांनी मोठं असेल तर गेटला अर्ध्याऐवजी ०.६ भाग द्यायला हवा. नेमका अर्धाच दिला तर मूळ विकृतीचा सहावा हिस्सा शिल्लक राहतो. म्हणून काळजीपूर्वक बनवलेल्या मंडलात तिथे एक फिरवता रोध असतो आणि दुसरा हार्मोनिक किमान होईपर्यंत तो फिरवतात. तिसरा हार्मोनिक मात्र या उपायाला दाद देत नाही.

मॉसफेट कोणता घ्यायचा, यावरही बरंच अवलंबून. दुकानात सहज मिळणारा २एन७००० हा मुळात स्विच आहे. पूर्ण चालू असताना त्याचा रोध काही ओहमच असतो. त्याच्याकडून १० किलोओहम काढायचे तर त्याला थ्रेशोल्डच्या अगदी उंबरठ्यावर धरून ठेवावं लागतं, म्हणजे नेमकं जिथे तो सर्वांत वाईट वागतो तिथेच. शिवाय त्याच्या आत सोर्स आणि खालचं सिलिकॉन जोडलेलं असल्याने एक डायोड तयार होतो. ड्रेन शून्याखाली अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेला की तो डायोड वाहू लागतो आणि लाट खालून कापली जाते. सीडी४००७ या जुन्या चिपमधले छोटे मॉसफेट इथे सोयीचे पडतात. त्यांच्या सिलिकॉनचं टोक वेगळ्या पायावर आणलेलं आहे, आणि तो पाय उणे दाबाला जोडला की हा डायोड गप्प बसतो. त्याची किंमत म्हणून थ्रेशोल्ड थोडा वर सरकतो.

इतकं करूनही विकृती उरली तर दोष मॉसफेटचा असेलच असं नाही. बाहेरचा संदेश मोजून त्यावरून नियंत्रण दाब बनवणारा भाग तो दाब पूर्ण सपाट करू शकत नाही. १०० कंपनांच्या स्वरावर पूर्ण लाट मोजणारा रेक्टिफायर २०० कंपनांची थरथर मागे ठेवतो. ती गेटवर गेली की रोध त्या तालावर हलतो आणि ३०० कंपनांचा तिसरा हार्मोनिक तयार होतो. थ्रेशोल्डच्या वर ०.१ व्होल्टवर बसलेल्या आपल्या मॉसफेटला फक्त १० मिलिव्होल्टची थरथर पुरते: तिसरा हार्मोनिकही अडीच टक्के होतो. थरथर कमी करायला कपॅसिटर मोठा घ्यावा, तर मंडल सुस्त होतं आणि अचानक आलेल्या ओरडीचा पहिला तडाखा श्रोत्यांना बसतो.

दोन्ही दोष वेगळे ओळखणं अवघड नाही. पातळी तीच ठेवून स्वराचं कंपन १०० वरून १,००० वर न्यावं. विकृती झपाट्याने उतरली तर ती नियंत्रण दाबाच्या थरथरीची. तशीच राहिली, आणि गेटकडे जाणारा तो निम्मा भाग तोडताच दुसरा हार्मोनिक उसळून वर आला, तर मॉसफेट आपलं नेहमीचंच काम करतो आहे आणि फिरवता रोध पुन्हा जुळवायचा आहे.