i चा i वा घात

१७४६ च्या जूनमध्ये ऑयलरने गोल्डबाखला पत्रातून एक निष्कर्ष कळवला: √−१ चा √−१ इतकाच घात घेतला, तर उत्तर वास्तव येते, ०.२०७८७९५७६३. ते त्याला स्वतःलाही नवलाचे वाटले होते.

पाचाचा तिसरा घात म्हणजे तीन पाचांचा गुणाकार. पण i इतक्या वेळा गुणायचे कसे? तसे गुणता येत नाही, म्हणून घाताची व्याख्याच बदलावी लागते. पायाचा लॉगरिदम काढायचा, त्याला घातांकाने गुणायचे आणि येईल तो e चा घातांक करायचा. प्रश्न उरतो तो i च्या लॉगरिदमचा.

ऑयलरच्याच सूत्राप्रमाणे e^(iθ) हा एक त्रिज्येच्या वर्तुळावरचा θ कोनाचा बिंदू. i हा शून्याच्या बरोबर वर, म्हणजे पाव फेरी फिरल्यावर, π/2 कोनावर बसतो. म्हणून त्याचा लॉगरिदम iπ/2. त्याला i ने गुणले की i·i चे −१ होते आणि −π/2 उरते. e^(−π/2) म्हणजे ०.२०७९. काल्पनिक भाग असा आपोआप गळून पडतो.

पण i पर्यंत पोचायला पाव फेरीच हवी असे कुठे आहे? सव्वा फेरी मारली, किंवा उलट दिशेने पाऊण फेरी मारली, तरी आपण त्याच बिंदूवर येतो. कोन मात्र प्रत्येक वेळी 2π ने बदलतो. म्हणून i ला एक नव्हे, असंख्य लॉगरिदम आहेत. ऋण संख्यांच्या लॉगरिदमवरून लायब्निझ आणि योहान बर्नुली यांच्यात झालेला वाद ऑयलरने नेमका याच मुद्द्यावर सोडवला. सव्वा फेरीचा कोन घेतला तर i^i येतो सुमारे ०.०००३९, उलट्या पाऊण फेरीचा घेतला तर १११.३२. तिन्ही उत्तरे बरोबरच आहेत.

मग i चा वर्ग नेहमी −१ च का? घातांक पूर्णांक असला की जादा फेऱ्यांच्याही पूर्ण फेऱ्याच होतात आणि बिंदू हलत नाही. घातांक १/२ असला तर एका फेरीची अर्धी फेरी होते, म्हणून वर्गमुळे दोन. घातांक i असला की मात्र फेरीचे रूपांतर लांबीत होते: प्रत्येक जादा फेरी उत्तराला e^(2π) ने, म्हणजे सुमारे ५३५ ने, भागते.

गणकयंत्र एकच उत्तर देते, कारण ते −π ते π मधलाच कोन घेते. ही मुख्य किंमत सोयीची, पण तिच्यात घातांचे ओळखीचे नियम मोडतात. −१ चा i वा घात मुख्य किमतीने ०.०४३२. (−१)·(−१) म्हणजे १, तेव्हा ०.०४३२ चा वर्ग हा १ चा i वा घात असायला हवा. तो वर्ग येतो ०.००१८७, आणि यंत्र १ चा i वा घात १ दाखवते. ०.००१८७ ही १ च्या i व्या घाताचीच एक किंमत आहे, फक्त एका फेरीने सरकलेली. दोन उत्तरांचे गुणोत्तर ५३५ च्या आसपास आले, तर गुणाकार पुन्हा तपासण्याआधी फेऱ्या मोजाव्यात.