शून्याला जागा नाही

शाळेत बहुपदींची बेरीज शिकवताना सरूप पदे एकाखाली एक मांडायला सांगतात. एखादी घात नसेल, तर तिथे जागा मोकळी सोडायची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलमध्ये हीच बेरीज पुन्हा भेटते, फक्त या वेळी ती मोकळी जागा परवडत नाही.

सहगुणक अॅरेमध्ये ठेवायचे आणि कप्प्याचा क्रमांक हाच घातांक मानायचा, ही सर्वांत सोपी मांडणी. पण `7x^100 + 4x^3 - 2x + 9` या चार पदांच्या बहुपदीला त्यासाठी १०१ कप्पे लागतात आणि त्यांतल्या ९७ कप्प्यांत शून्य बसते. लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक पदाचा एक नोड करतात. त्यात सहगुणक, घातांक आणि पुढच्या नोडचा पत्ता, म्हणजेच पॉइंटर, अशा तीन गोष्टी असतात. जे पद नाही त्याचा नोडही नाही. वरची बहुपदी चार नोडांत मावते.

अशी साखळी वापरणाऱ्याला दोन अटी शेवटपर्यंत पाळाव्या लागतात. घातांक सतत उतरत्या क्रमाने असले पाहिजेत आणि कोणत्याही नोडचा सहगुणक शून्य असता कामा नये. प्रॅक्टिकलला होणाऱ्या बऱ्याचशा चुका या दोनपैकी एक अट नकळत मोडल्यामुळे होतात.

दुसरी बहुपदी `3x^50 - 4x^3 + 5x` घेऊ. दोन्ही साखळ्यांच्या पहिल्या नोडवर एकेक बोट ठेवायचे. १०० मोठा की ५०? १०० मोठा, म्हणून `7x^100` उत्तरात उतरवायचे आणि फक्त पहिले बोट पुढे न्यायचे. आता ३ आणि ५० समोरासमोर आले. `3x^50` उतरवून दुसरे बोट पुढे न्यायचे. मग दोन्हीकडे ३ ही घात येते. घात सारखी, म्हणून सहगुणकांची बेरीज करायची: ४ आणि उणे ४ मिळून शून्य. इथे उत्तरात काहीही उतरवायचे नाही, पण दोन्ही बोटे पुढे न्यायची. पुढे `-2x` आणि `5x` मिळून `3x` होते. दुसरी साखळी संपली, म्हणून पहिलीत उरलेले ९ जसेच्या तसे जोडायचे. उत्तर आले `7x^100 + 3x^50 + 3x + 9`, आणि त्यासाठी घातांकांची तुलना फक्त चारदा करावी लागली.

```c
while (a != NULL && b != NULL) {
    if (a->exp > b->exp) {
        append(&r, a->coef, a->exp);
        a = a->next;
    } else if (a->exp < b->exp) {
        append(&r, b->coef, b->exp);
        b = b->next;
    } else {
        int s = a->coef + b->coef;
        if (s != 0) append(&r, s, a->exp);
        a = a->next;
        b = b->next;
    }
}
```

यातली `if (s != 0)` ही अट बहुतेकांकडून सुटते. ती सुटली तरी प्रोग्रॅम चालतो, स्क्रीनवर फार तर एक `0x^3` दिसते आणि विद्यार्थी ते सोडून देतो. पण पुढच्या प्रॅक्टिकलला कुणी या उत्तराची कोटी विचारली, तर प्रोग्रॅम पहिल्या नोडचा घातांक वाचतो. तो नोड शून्य सहगुणकाचा असेल, तर कोटी चुकते. म्हणून बहुपदीत तिचीच उणे बहुपदी मिळवून पाहावी. साखळी रिकामी यायला हवी. ही चाचणी दुसरी एक चूकही उघडी पाडते: छापणाऱ्या फंक्शनने रिकाम्या साखळीचा विचार केलेला नसेल, तर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो.

क्रमाची अट मोडली तर काय होते, हे जास्त फसवे आहे. वापरणाऱ्याने पदे उलटसुलट भरली, तर बोटे एकमेकांना चुकतात आणि उत्तरात एकाच घातेची दोन पदे राहतात. उत्तर तपासायला विद्यार्थी बहुधा `x = 1` घालतात. वरच्या उदाहरणात १८ आणि ४ मिळून २२ येतात, उत्तराच्या सहगुणकांची बेरीजही २२ येते. पण दुभंगलेल्या पदांचीही बेरीज तेवढीच भरते, त्यामुळे ही चूक या तपासणीत सापडतच नाही. सापडते ती साखळी चालत जाऊन, पुढचा घातांक प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा लहान आहे का, हे पाहिल्यावर. त्यापेक्षा बरे म्हणजे नोड भरतानाच योग्य जागी घुसवावा. इथे साखळी खरोखर कामाला येते, कारण मधे नोड घालताना बाकीचे नोड सरकवावे लागत नाहीत, फक्त दोन पॉइंटर बदलावे लागतात.

विरळ मॅट्रिक्स म्हणजे हीच कल्पना दोन दिशांना नेलेली. वीजवाहिन्यांच्या जाळ्याचे उदाहरण घ्या. १,००० उपकेंद्रे असतील, तर मॅट्रिक्समध्ये दहा लाख घरे होतात. प्रत्येक उपकेंद्र सरासरी तीन उपकेंद्रांना जोडलेले असेल, तर कर्णावरची १,००० आणि जोडण्यांची ३,००० अशी ४,०००च घरे भरलेली राहतात. इथे नोडमध्ये ओळ, स्तंभ आणि किंमत यांच्याबरोबर दोन पॉइंटर असतात. एक त्याच ओळीतल्या पुढच्या नोडकडे जातो, दुसरा त्याच स्तंभातल्या खालच्या नोडकडे. प्रत्येक नोड एकाच वेळी दोन साखळ्यांत ओवलेला असतो.

त्यामुळे नवा नोड दोन्हीकडे ओवावा लागतो, आणि घाईत ओळीत ओवून स्तंभ विसरणे ही इथली नेहमीची चूक. मॅट्रिक्स ओळीनुसार छापली की सगळे बरोबर दिसते. स्तंभानुसार चालायला लागले की नोड गायब होतात. म्हणून ओळींतून फिरून नोड मोजावेत, स्तंभांतून फिरून पुन्हा मोजावेत. दोन आकडे जुळले नाहीत, तर कुठला तरी धागा सुटला आहे.

जागेचा हिशेबही एकदा कागदावर करून पाहण्यासारखा आहे. ६४ बिटच्या संगणकावर तीन पूर्णांक आणि दोन पॉइंटर यांचा नोड सहसा ३२ बाइटचा होतो, तर साध्या अॅरेतले पूर्णांकाचे घर ४ बाइटचे. म्हणजे एका नोडच्या जागेत आठ घरे मावतात. वरच्या जाळ्यातल्या किमती पूर्णांक धरल्या, तर अॅरेला ४० लाख बाइट लागतील. नोडांना १,२८,००० आणि ओळी-स्तंभांच्या सुरुवातीच्या २,००० पॉइंटरांना १६,००० मिळून साखळीला १,४४,००० बाइट पुरतात. पण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लिहिली जाते ती ४ × ४ची मॅट्रिक्स. तिच्यात पाच किमती असतील, तर साखळीला २२४ बाइट लागतात आणि अॅरेला ६४. जागेची बचत हा फायदा जर्नलमध्ये लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वतःचेच उदाहरण तो फायदा दाखवत नाही. घरांपैकी एक अष्टमांशापेक्षा बऱ्याच कमी घरांत किमती असतील, तेव्हाच हा व्यवहार जमतो. मेमरी वाटताना प्रत्येक नोडमागे वर जाणारे काही बाइट धरले, तर ही मर्यादा आणखी खाली येते.

वेगाचीही एक अडचण आहे. नोड मेमरीत विखुरलेले असतात, आणि प्रोसेसरला शेजारी शेजारी असलेली माहिती वाचणे सोपे जाते. म्हणून मोठी आकडेमोड करणारी सॉफ्टवेअर आज विरळ मॅट्रिक्स बहुधा सलग अॅरेंत दाबून ठेवतात. एका अॅरेत किमती, दुसऱ्यात त्यांचे स्तंभ आणि तिसऱ्यात प्रत्येक ओळ कुठे सुरू होते तो क्रमांक. मात्र अशा मांडणीत मधेच एक नवी किंमत आली, तर तिच्या पुढचे सगळे सरकवावे लागते. समीकरणे सोडवताना एका ओळीतून दुसरी ओळ वजा केली, की आधी शून्य असलेल्या घरात अचानक किंमत उगवते. कुठे उगवेल हे आधी ठरलेले नसेल, तेव्हा दोन्ही दिशांना ओवलेली साखळी ती किंमत जागच्या जागी सामावून घेते. याच वजाबाकीत एखादी किंमत शून्यही होते. मग तो नोड ओळीतून आणि स्तंभातून, दोन्हीकडून सोडवून काढावा लागतो.