अभिवृत्ती मापनश्रेणीची विश्वसनीयता व सप्रमाणता : क्रॉनबॅक अल्फाचा अर्थ आणि मर्यादा

प्रस्तावना :
विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणावर आधारित लघुप्रबंधांत व शोधनिबंधांत ‘प्रश्नावलीचा अल्फा ०.७२ आला, म्हणून प्रश्नावली प्रमाणित आहे’ असे विधान वारंवार आढळते. लिकर्ट यांनी १९३२ मध्ये अभिवृत्ती मापनाची पद्धत मांडली आणि क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये अल्फा गुणकाचे विवेचन केले. हा गुणक नेमके काय सांगतो व काय सांगत नाही, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाद्वारे स्पष्ट केले आहे. उदाहरणातील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेले आहेत.

उदाहरण :
भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पावसावरील भातशेती होते. तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची शेतीविषयक अभिवृत्ती मोजण्यासाठी सहा विधानांची पंचबिंदू श्रेणी तयार केली, असे मानू. पहिली तीन विधाने आवडीची आहेत. उदा. ‘भातलावणीच्या दिवसांत घरी हातभार लावावासा वाटतो.’ पुढील तीन चरितार्थाची आहेत. उदा. ‘शेतीवर कुटुंबाचा चरितार्थ चालू शकतो.’ सहावे विधान नकारात्मक आहे : ‘शेतीपेक्षा शिरवळच्या कारखान्यातील नोकरीत अधिक शाश्वती आहे.’

विश्वसनीयता :
अल्फाचे सूत्र असे आहे :

α = [k / (k − 1)] × [1 − (Σs² / S²)]

येथे k म्हणजे विधानांची संख्या, Σs² म्हणजे प्रत्येक विधानाच्या प्रचरणांची बेरीज आणि S² म्हणजे एकूण गुणांचे प्रचरण होय. विधाने परस्परांशी जितकी सुसंगत, तितके एकूण गुणांचे प्रचरण वाढते व अल्फाही वाढतो.

प्रत्येक विधानाचे प्रचरण १ मानल्यास बेरीज ६ येते. एकूण गुणांचे प्रचरण ९ आले, तर अल्फा १.२ × (१ − ६/९) म्हणजे ०.४० येईल. एवढ्यावर श्रेणी टाकून देण्याचे कारण नाही. प्रथम प्रत्येक विधानाचा उर्वरित विधानांच्या बेरजेशी असलेला सहसंबंध पाहावा. येथे सहाव्या विधानाचा सहसंबंध उणे ०.४५ येतो. नकारात्मक विधानाचे गुण उलटे करावयाचे राहिले आहेत, याची ही खूण होय. ५ च्या जागी १, ४ च्या जागी २ याप्रमाणे गुण उलटविल्यावर एकूण प्रचरण १५ होते व अल्फा १.२ × (१ − ६/१५) म्हणजे ०.७२ येतो. रूढ संकेतानुसार ०.७० च्या वरचा अल्फा समाधानकारक मानला जातो. बहुतेक अहवाल येथेच थांबतात.

सप्रमाणता :
वस्तुतः खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. याच सामग्रीत आवडीच्या विधानांचा परस्परांशी सहसंबंध ०.६ आहे, चरितार्थाच्या विधानांचाही ०.६ आहे, मात्र एका गटातील विधानाचा दुसऱ्या गटातील विधानाशी सहसंबंध अवघा ०.१ आहे. म्हणजेच श्रेणी दोन निराळ्या गोष्टी मोजते. तीन-तीन विधानांचा अल्फा स्वतंत्रपणे काढल्यास प्रत्येकी ०.८२ येतो. विधाने कमी होऊनही अल्फा वाढला, हे विशेष लक्षणीय आहे.

याचा परिणाम निष्कर्षावर होतो. शेतीची मनापासून आवड असलेला, परंतु तीवर घर चालणार नाही असे मानणारा विद्यार्थी पहिल्या गटात १५ व दुसऱ्या गटात ३, असे १८ गुण मिळवितो. सर्वच विधानांना ‘सांगता येत नाही’ असे उत्तर देणाऱ्यासही १८ च गुण मिळतात. एकूण सरासरीवरून ‘विद्यार्थी शेतीविषयी उदासीन आहेत’ असा निष्कर्ष काढला, तर तो पहिल्या विद्यार्थ्यावर अन्याय करणारा ठरेल. त्याची अडचण आवडीची नसून उत्पन्नाची आहे.

म्हणून सहसंबंधांचा तक्ता पाहणे आवश्यक आहे. नमुना पुरेसा मोठा असल्यास घटक विश्लेषण करावे. तत्पूर्वी आशय सप्रमाणतेसाठी विधाने विषयतज्ज्ञांना व प्रत्यक्ष शेतकऱ्यांना दाखवावीत. काही विद्यार्थ्यांकडून प्रत्येक विधानाचा अर्थ त्यांच्याच शब्दांत वदवून घ्यावा. भूमिहीन कुटुंबातील विद्यार्थ्याला ‘घरी हातभार’ हे विधान लागूच पडत नाही, ही बाब कोणताही गुणक दाखवीत नाही. तसेच अध्यापकांच्या देखत, नाव लिहून प्रश्नावली भरून घेतल्यास सर्वजण ‘अपेक्षित’ उत्तरे देण्याचा संभव असतो. अशी उत्तरे परस्परांशी सुसंगत असल्याने अल्फा वाढू शकतो, परंतु सप्रमाणता घटते.

निष्कर्ष :
१. अल्फा अंतर्गत सुसंगतता दर्शवितो. श्रेणी एकाच गोष्टीचे मापन करते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.
२. अल्फा कमी आल्यास विधान वगळण्यापूर्वी गुणांकनाची दिशा तपासावी.
३. श्रेणीत दोन घटक आढळल्यास त्यांचे गुण व अल्फा स्वतंत्रपणे नोंदवावेत. एकत्रित बेरीज करू नये.
४. तीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या पूर्वचाचणीतील अल्फा नमुन्यागणिक बराच बदलू शकतो. म्हणून मुख्य सर्वेक्षणाच्या सामग्रीवर तो पुन्हा काढून अहवालात द्यावा.